टीव्ही थाप मारतो तेव्हा कन्सोलचे रेझोल्यूशन हाताने कसे ठरवावे

गेल्या महिन्यात भांडुपला बहिणीकडे गेलो होतो. चहाचा कप हातात येण्याआधीच भाच्याने मला टीव्हीसमोर नेऊन बसवले आणि म्हणाला, "मामा, फोर-के टीव्ही आहे, पीएस फाइव्ह आहे, तरी अक्षरे अशी का दिसतात?" 43 इंचांचा तो संच त्याने लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून घेतला होता आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत फोर-के असे छापलेले होते. कन्सोलच्या मेनूमधली बारीक अक्षरे कडांना विरघळल्यासारखी दिसत होती, लाल अक्षरे तर काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरशः पसरली होती. खेळ सुरू केला की पडदा तीन-चार सेकंद काळा पडत होता आणि मग जे चित्र येत होते ते कोणीतरी त्यावर राख भुरभुरल्यासारखे मळकट होते. दुकानदाराने केबल बदलायला सांगितले होते, म्हणून भाच्याने दोन केबल बदलून पाहिल्या होत्या. फरक काहीच पडला नव्हता, कारण दोष केबलमध्ये नव्हताच.

दोष कुठे होता हे कळण्यासाठी कन्सोल आणि टीव्ही एकमेकांशी आधी काय बोलतात ते पाहावे लागते. एचडीएमआय केबलमधून फक्त चित्र आणि आवाज जातो असे आपल्याला वाटते, पण तिच्यात दोन बारीक तारा खास गप्पांसाठी राखलेल्या असतात. कन्सोल जोडला की तो या तारांवरून टीव्हीचे ओळखपत्र वाचतो. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. ते 128 बाइटच्या तुकड्यांत लिहिलेले असते आणि त्यात टीव्ही कोणते रेझोल्यूशन घेऊ शकतो, सेकंदाला किती चित्रे घेऊ शकतो, रंगाची माहिती कोणत्या मांडणीत चालेल, एचडीआर, म्हणजे लखलखीत आणि अंधारे भाग जास्त खुलवून दाखवणारे चित्र, चालेल की नाही, अशा गोष्टी नोंदलेल्या असतात. कन्सोल Automatic वर असला की तो हे वाचून त्यातला सर्वांत वरचा पर्याय निवडतो. टीव्हीच्या पॅनेलकडे, म्हणजे प्रत्यक्ष बिंदू उजळणाऱ्या काचेकडे, पाहण्याची त्याला काहीच सोय नसते, त्यामुळे कागदावर जे लिहिले आहे तेच तो खरे मानतो.

स्वस्त संचांमध्ये गोची होते ती इथेच. एकच मुख्य बोर्ड वेगवेगळ्या पॅनेलना लावला जातो आणि त्यावरचे ओळखपत्र बोर्डाच्या ताकदीप्रमाणे लिहिलेले असते, पॅनेलच्या नव्हे. बोर्ड 3840 × 2160 चे चित्र आत घेऊ शकतो, म्हणून ओळखपत्र म्हणते "मला 2160p चालते". त्याच्या पुढे बसवलेल्या पॅनेलवर मात्र आडवे 1920 बिंदूच असतात. काटेकोरपणे बोलायचे तर टीव्ही खोटे बोलत नाही, कारण "हे चित्र मी घेईन" आणि "हे चित्र मी जसेच्या तसे दाखवीन" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्याने फक्त पहिली कबूल केलेली असते. पण घरात बसून धूसर अक्षरे वाचणाऱ्याला हा बारकावा सांगून काय उपयोग? त्याच्या लेखी ती थापच.

माहितीचा पडदा कसा वाचावा

अशा वेळी सर्वांत आधी उघडायची जागा म्हणजे पीएस फाइव्हमधला माहितीचा पडदा. Settings मध्ये Screen and Video, त्यात Video Output आणि त्यात Video Output Information अशी वाट आहे. या पडद्याचे मनातल्या मनात दोन भाग करावेत. एक भाग कन्सोल या क्षणी प्रत्यक्ष काय पाठवतो आहे ते सांगतो. दुसरा भाग जोडलेल्या एचडीएमआय उपकरणाबद्दलचा, म्हणजे ओळखपत्रातून वाचलेला असतो. लोक बहुधा या दोन्हींची सरमिसळ करतात आणि दुसऱ्या भागात 2160p दिसले की टीव्ही फोर-के आहे असे समजून मोकळे होतात. दुसरा भाग म्हणजे टीव्हीचा दावा. तो पुरावा नव्हे.

पहिल्या भागातली पहिली ओळ रेझोल्यूशनची असते आणि तिच्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आहे. तिथे 3840x2160 लिहिलेले असले तर त्याचा अर्थ केबलमधून तेवढ्या बिंदूंचे चित्र जाते आहे, इतकाच. खेळ स्वतः आतमध्ये किती बिंदूंचे चित्र रंगवतो आहे हे ती ओळ सांगत नाही. पुष्कळ खेळ आतमध्ये कमी बिंदूंचे चित्र काढतात आणि मग ते ताणून 2160p मध्ये बसवतात. काही खेळ उलट करतात आणि कन्सोल 1080p पाठवत असला तरी आतमध्ये मोठे चित्र काढून ते आकसून पाठवतात. म्हणून या ओळीवरून खेळाचा दर्जा ठरवू नये, फक्त केबलमधल्या संकेताचा आकार वाचावा.

खरी बोलकी ओळ आहे Color Format ची. तिथे RGB, YUV422 किंवा YUV420 यांपैकी एक दिसते. RGB म्हणजे प्रत्येक बिंदूला त्याचा पूर्ण रंग मिळतो. YUV422 मध्ये उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूची असते, पण रंगाची माहिती शेजारच्या दोन बिंदूंत मिळून एकच असते. YUV420 मध्ये ती चार बिंदूंत मिळून एक असते, म्हणजे दोन बाय दोनच्या चौकोनाला मिळून एक रंग. क्रिकेटचा सामना पाहताना हे कळतही नाही, कारण आपला डोळा उजेडाच्या कडा जितक्या टिपतो तितक्या रंगाच्या टिपत नाही. पण काळ्यावर लाल बारीक अक्षर आले की चार बिंदूंचा एक रंग लगेच उघडा पडतो. भाच्याच्या पडद्यावर पहिल्या ओळीत 3840x2160 आणि 60 हर्ट्झ होते आणि Color Format समोर YUV420 होते. पसरलेल्या लाल अक्षरांचा धागा इथे सापडला.

YUV420 का आले, याचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा समजला की हा पडदा आपोआप वाचता येतो. 2160p च्या एका चित्रात दिसणारे बिंदू 3840 × 2160 असले तरी कडेच्या मोकळ्या जागेसह केबलमधून 4400 × 2250 इतक्या बिंदूंचा वेळ जातो. त्याला 60 ने गुणले की सेकंदाला 59 कोटी 40 लाख होतात, म्हणजे 594 मेगाहर्ट्झ. एचडीएमआयच्या 1.4 या जुन्या आवृत्तीची कमाल 340 मेगाहर्ट्झ आहे, 2.0 ची 600 आहे. जुन्या ताकदीच्या पोर्टमधून 594 जाऊच शकत नाही. पण YUV420 केले की ओझे निम्मे होऊन 297 वर येते आणि ते 340 च्या आत बसते. म्हणून 2160p, 60 हर्ट्झ आणि YUV420 हे तीन शब्द एकत्र दिसले की समजावे, पोर्टची किंवा टीव्हीतल्या त्या पोर्टच्या सेटिंगची ताकद अर्धीच आहे आणि कन्सोलने कसेबसे चित्र त्यात कोंबले आहे.

याच हिशेबाने एक खोटी धास्तीही दूर होते. एचडीआर सुरू असताना 2160p ला YUV422 दिसले की काही जण घाबरून दुकानात जातात. एचडीआरला प्रत्येक रंगासाठी 8 ऐवजी 10 बिट लागतात. RGB मध्ये ते पाठवायचे तर 594 चे 742.5 होतात आणि 2.0 च्या 600 मध्ये ते मावत नाहीत. YUV422 मध्ये 10 बिटांची माहिती 594 मध्येच बसते. म्हणजे 2.0 च्या टीव्हीवर एचडीआर खेळात YUV422 दिसणे हे बिघाडाचे नाही, तर सर्व काही जागेवर असल्याचे लक्षण आहे.

पट्टी आणि फोन

आता पॅनेल खरोखर किती बिंदूंचे आहे ते पाहायचे होते. संचाची माहितीपुस्तिका भाच्याने खोक्याबरोबरच भंगारवाल्याला दिली होती, पण त्यावाचून काही अडत नाही. 43 इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप असते. 16 बाय 9 च्या पडद्यात त्याची रुंदी साधारण 95 सेंटीमीटर येते. तेवढ्या जागेत 1920 बिंदू असतील तर एका सेंटीमीटरमध्ये सुमारे 20 बिंदू येतात. 3840 असतील तर सुमारे 40. फरक दुप्पट आहे, त्यामुळे मोजणीत एखाददुसरा इकडेतिकडे झाला तरी निकाल बदलत नाही.

मी कन्सोलवर पांढरी पार्श्वभूमी असलेला एक पडदा उघडला, भाच्याच्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पारदर्शक पट्टी पडद्यावर अगदी अलगद धरली आणि फोनच्या कॅमेऱ्याने जितक्या जवळून नीट दिसेल तितक्या जवळून फोटो काढला. फोनच्या भिंगावर पाण्याचा एक बारीक थेंब ठेवला तर तो वाढीव भिंगाचे काम करतो, पण तेव्हा फोन आडवा धरता यायला हवा. टीव्ही भिंतीवर असेल तर थेंब ओघळतो, मग साधे दागिन्यांचे भिंग बरे. फोटो मोठा करून पाहिला की लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या रेघांचा एकेक गट दिसतो. तो एक गट म्हणजे एक बिंदू. पट्टीच्या चार आणि पाच या खुणांमध्ये आम्ही दोघांनी वेगवेगळे मोजले. माझे 20 आले, त्याचे 21. पॅनेल फुल एचडीचे होते आणि खोक्यावरचा फोर-के हा शब्द फक्त "आत घेतो" इतक्याच अर्थाने खरा होता.

(32 इंचांच्या संचावर हीच मोजणी करताना आकडे वेगळे येतात. त्याची रुंदी सुमारे 71 सेंटीमीटर असते, म्हणून 1366 बिंदूंच्या पॅनेलवर सेंटीमीटरला सुमारे 19 आणि 1920 च्या पॅनेलवर सुमारे 27 दिसतात.)

इथे एक शंका चाणाक्ष वाचकाला येईल. 2160p च्या YUV420 मध्ये रंगाचे बिंदू मोजले तर ते बरोबर 1920 × 1080 भरतात, मग 1920 च्या पॅनेलवर रंग धूसर का दिसावा? हिशेब बरोबर आहे आणि चांगल्या टीव्हीत तसे दिसायलाही नको. पण बरेच संच आधी रंगाची माहिती 3840 पर्यंत फुगवतात, वर स्वतःची शार्पनेस लावतात आणि मग ते सारे चित्र पुन्हा 1920 मध्ये दाबतात. फुगवणे आणि दाबणे या दोन्हीत कडा मऊ होतात. ही सारी उलाढाल टाळायची तर पॅनेलवर जेवढे बिंदू आहेत बरोबर तेवढ्याच बिंदूंचे चित्र पाठवावे, हाच सरळ मार्ग.

हाताने ठरवणे

Video Output मध्येच Resolution असे लिहिलेले असते आणि ते Automatic वर असते. तिथे 2160p, 1440p, 1080p असे पर्याय मिळतात. आम्ही 1080p निवडले. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला. मग पुन्हा Video Output Information उघडले, तर पहिल्या भागात 1920x1080 आणि Color Format समोर RGB आले होते. 1080p ला 60 हर्ट्झसाठी 148.5 मेगाहर्ट्झ पुरतात, म्हणून जुन्या ताकदीच्या पोर्टमधूनही पूर्ण RGB निवांत जाते. दुसऱ्या भागात मात्र अजूनही 2160p चाच दावा दिसत होता, कारण ओळखपत्र आपण बदललेले नाही. त्याकडे कानाडोळा करायला कन्सोलला सांगितले आहे एवढेच.

पुढची गोष्ट एचडीआरची. या संचाने एचडीआरही चालते असे ओळखपत्रात लिहिले होते आणि खेळ सुरू होताना पडदा काळा पडायचा तो याचमुळे, कारण त्या क्षणी संकेताची पद्धत बदलून टीव्हीला पुन्हा जुळवून घ्यावे लागत होते. मळकटपणाचे कारणही तेच. एचडीआरच्या चित्रात लखलखीत भागांसाठी बरीच वरची जागा राखलेली असते. पॅनेलला तेवढा उजेड देताच येत नसेल तर टीव्ही सगळे चित्र खाली दाबून बसवतो आणि नेहमीचे भाग अंधारे होतात. Video Output मधले HDR हे Off केले आणि खेळ पुन्हा लावला. काळा पडदा गेला आणि रंग जागेवर आले. भाचा थोडा हिरमुसला, कारण खोक्यावर एचडीआरसुद्धा छापलेले होते.

आता ज्या अडचणीची मला अपेक्षा होती ती आलीच. 1080p झाल्यावर चित्राच्या चारही कडा थोड्या कापल्या जाऊ लागल्या. कोपऱ्यातला घड्याळाचा आकडा अर्धा बाहेर गेला. जुन्या प्रक्षेपणांत कडेला कचरा दिसू नये म्हणून टीव्ही चित्र थोडे मोठे करून कडा लपवत असत. ती सवय अनेक संचांत 720p आणि 1080p साठी अजून शिल्लक आहे, 2160p ला सहसा लागू होत नाही. त्यामुळे हा दोष 1080p निवडल्यावरच उघडकीस येतो आणि माणसाला वाटते की आपणच काहीतरी बिघडवले. यात कडा कापल्या जाण्यापेक्षा वाईट गोष्ट अशी की चित्र थोडे जरी मोठे झाले तरी एका बिंदूला एक बिंदू हा मेळ तुटतो आणि ज्या धूसरपणासाठी हा सगळा खटाटोप केला तो मागच्या दाराने परत येतो.

याचा उपाय टीव्हीच्या मेनूत करावा. चित्राच्या आकाराचा एक पर्याय असतो आणि त्याला संचागणिक Just Scan, Screen Fit, Full Pixel, Dot by Dot अशी वेगवेगळी नावे असतात. आमच्या संचात तो रिमोटवरच्या बटणाने न मिळता चित्राच्या सेटिंगच्या तळाशी दडलेला होता. कन्सोलमध्येही Adjust Display Area नावाची सोय आहे, पण तिने चित्र आत ओढले जाते, म्हणजे टीव्ही फुगवतो आणि कन्सोल दाबतो असा दुहेरी व्यवहार सुरू होतो. टीव्हीत सोय नसेल तरच तिच्याकडे वळावे.

एक लहान गोष्ट राहिली. RGB मध्ये आल्यावर काळा रंग राखाडी दिसू लागला, किंवा उलट अंधारातले सगळे तपशील एकाच काळ्यात बुडाले, तर कन्सोल आणि टीव्ही काळ्याची पातळी वेगवेगळी धरून बसले आहेत असे समजावे. कन्सोलमध्ये RGB Range असा पर्याय आहे, तिथे Limited आणि Full यांपैकी टीव्हीला जुळेल ते निवडावे. आमच्याकडे Limited बरोबर बसले.

उलट प्रकार

वरचा टीव्ही आपल्या ताकदीपेक्षा जास्त सांगत होता. काही टीव्ही कमी सांगतात, आणि त्यावर हाताने वरचे रेझोल्यूशन निवडून बसणे हा उपाय नव्हे. खरोखरचे फोर-के पॅनेल असूनही माहितीच्या पडद्यावर 2160p ला फक्त YUV420 दिसते किंवा एचडीआर उपलब्ध नाही असे येते, तेव्हा बहुतेक वेळा टीव्हीने तो पोर्ट जुन्या सेट-टॉप बॉक्सशी जुळावा म्हणून मुद्दाम कमी ताकदीवर ठेवलेला असतो. त्याची किल्ली टीव्हीच्या मेनूत असते आणि ती पोर्टागणिक वेगळी फिरवावी लागते. सोनीच्या संचांत तिला HDMI signal format म्हणतात आणि तिथे Standard ऐवजी Enhanced निवडायचे असते. सॅमसंगमध्ये ती Input Signal Plus या नावाने आणि एलजीमध्ये HDMI Deep Colour अशा नावाने सापडते. किल्ली फिरवली की टीव्ही नवे ओळखपत्र पुढे करतो, कन्सोल ते वाचतो आणि माहितीच्या पडद्यावरचे YUV420 जाऊन RGB येते. असे झाले की निदान बरोबर होते.

कधी कधी ओळखपत्र टीव्हीचे नसतेच. कन्सोल आणि टीव्ही यांच्यामध्ये साउंडबार, स्विच किंवा एक संकेत दोन टीव्हींना देणारा स्प्लिटर असेल तर कन्सोलला त्या मधल्या डबीचे म्हणणे ऐकू येते, आणि काही डब्या टीव्हीचे ओळखपत्र पुढे न देता स्वतःचे ठरावीक ओळखपत्र देतात. म्हणून कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी एकदा कन्सोल सरळ टीव्हीला जोडून माहितीचा पडदा पाहावा. मधले उपकरण काढताच दुसरा भाग बदलला तर दोषी सापडला. टीव्ही आणि पोर्ट दोन्ही निर्दोष आहेत, पण 2160p वर चित्र मधूनच चमकून जाते, अशी तक्रार असेल तर कन्सोलमधले 4K Video Transfer Rate हे -1 किंवा -2 वर आणून पाहावे. त्याने केबलवरचे ओझे कमी होते, रंगाची किंमत मोजून.

पडदा काळाच राहिला तर

हाताने निवडलेले रेझोल्यूशन टीव्हीला झेपले नाही तर चित्र येतच नाही आणि मेनू दिसत नसल्यामुळे परत फिरणेही जमत नाही. यासाठी सेफ मोड आहे. कन्सोल पूर्ण बंद करावा, मग पॉवरचे बटण दाबून धरावे. दाबताक्षणी एक बीप येतो, सुमारे सात सेकंदांनी दुसरा येतो. दुसरा आल्यावरच बोट उचलावे. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून त्यावरचे पीएस बटण दाबावे लागते, कारण सेफ मोडमध्ये बिनतारी जोडणी चालत नाही. जी यादी येते तिच्यात दुसऱ्या क्रमांकावर Change Video Output आहे आणि तिथून रेझोल्यूशन बदलता येते. त्याच जागी Change HDCP Mode असाही पर्याय आहे. चित्रपटांच्या नकलेला आळा घालणारी जी कुलूपपद्धत केबलवर चालते तिची ही सेटिंग आहे. जुन्या टीव्हीवर ती अडत असेल तर जुनी आवृत्ती निवडता येते, पण गरज नसेल तर तिला हात लावू नये.

एक्सबॉक्सचा स्वभाव याबाबतीत थोडा वेगळा आहे. तिथे General मधल्या TV & display options मध्ये 4K TV details नावाचा पडदा आहे; तो आकड्यांऐवजी हिरव्या खुणा आणि फुल्या दाखवतो, त्यामुळे वाचायला सोपा आहे, पण YUV420 सारखा धागा त्यावरून सहज हाती लागत नाही. मात्र एक सोय तिथे चांगली आहे. Video fidelity & overscan मध्ये Overrides खाली Display समोर Auto-detect असते, ते HDMI केले की कन्सोल टीव्हीच्या ओळखपत्रावर विसंबणे सोडतो आणि टीव्हीने नाकारलेले रेझोल्यूशनही निवडू देतो. त्याआधी तो इशारा देतो आणि तो इशारा खरा असतो. चित्र गेलेच तर सीरीज एक्समध्ये कन्सोल बंद करून पॉवर आणि डिस्क बाहेर काढण्याचे बटण एकत्र दाबून धरावे, सीरीज एसमध्ये डिस्क नसल्यामुळे पॉवर आणि पेअर ही दोन बटणे. दुसऱ्या बीपनंतर सोडली की कन्सोल 640 × 480 मध्ये सुरू होतो.

दोन आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. कन्सोल पिशवीत घालून तो मुलुंडला मित्राकडे गेला होता. तिथे खरा फोर-के टीव्ही होता आणि चित्र अगदी घरच्यासारखेच दिसत होते, फोर-के काही वेगळे वाटेना. त्याला Video Output Information उघडून पहिली ओळ वाचायला सांगितली. 1920x1080. हाताने केलेली निवड टीव्हीबरोबर मागे राहत नाही, ती कन्सोलबरोबर फिरते. Resolution पुन्हा Automatic वर आणि HDR पुन्हा On When Supported वर नेताच ती ओळ 3840x2160 झाली. रात्री घरी परतल्यावर त्याने दोन्ही परत बदलले की नाही, ते मी विचारले नाही.